तिसाव्या कागदानंतरचं टिंब

गोविलकर सरांचं वर्गात एकच पालुपद असे. "आधी चिन्हं वाचा, मग आकृती, मग प्रश्न. लेखणी सगळ्यात शेवटी." नाशकातल्या त्या हायस्कुलात ते पंधरा वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होते आणि हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की स्वतः ते पाळायची गरज त्यांना उरली नव्हती.

"लांब बारीक रेघ म्हणजे घटाचं धन टोक, आखूड जाड रेघ म्हणजे ऋण. दोन तारा नुसत्या छेदल्या तर एक दुसरीवरून गेली. छेदावर टिंब असेल तर मात्र जोड. 'नांदगाव'वरचं टिंब काढा, काय राहतं?"

"नादगाव!" वर्ग ओरडे, आणि सगळे मागच्या बाकावरच्या इसाककडे बघून हसत. तो नांदगावचा होता.

इसाकच्या बापाने त्याला मॅट्रिकपुरती एकच संधी दिली होती. १९३६च्या डिसेंबरात फॉर्म गेला तर परीक्षा, नाही तर मालेगावला चुलत्याच्या हातमागावर. फॉर्म कुणाचा पाठवायचा ते शाळेच्या चाचणीवर ठरे आणि पदार्थविज्ञानात पस्तीस लागत.

चाचणीच्या आकृत्या सरांनी स्टेन्सिलवर स्वतः कोरल्या आणि कोंडाजी शिपायाने सायक्लोस्टाइलवर अडतीस प्रती काढल्या. पहिल्या आकृतीत बहिर्गोल भिंग होतं, वस्तू भिंग आणि नाभी यांच्या मध्ये. दुसरीत घट आणि दिवा होता. दिव्याकडे जाणारी तार आणि परत येणारी तार वाटेत एकमेकींना छेदत होत्या. प्रश्न होते: दिवा लागेल का? का? त्यातून प्रवाह किती? दहा गुण.

भिंगाच्या प्रश्नाला इसाकने लिहिलं, 'अखंड रेषा हे खरे किरण. तुटक रेषा म्हणजे तेच किरण मागे वाढवलेले, तिकडे प्रकाश नाही. म्हणून प्रतिमा आभासी, सुलटी, मोठी, वस्तूच्याच बाजूला.' सर खूश झाले. पुढच्या उत्तरापाशी मात्र लाल पेन्सिल थांबली. 'दिवा लागणार नाही. प्रवाह दिव्यापर्यंत जाण्याआधीच जोडावरून परत फिरेल. दिव्यात शून्य. घट तापेल.' सरांनी सरळ रेघ मारली. एकूण अठ्ठावीस.

इसाक प्रश्नपत्रिका घेऊन शिक्षकांच्या खोलीत आला.

"सर, छेदावर टिंब आहे."

"आकृती मी काढली की तू?"

"आपणच, सर. पण एकदा बघा ना."

"टिंब शोधतोयस? आधी चष्मा शोध." बाकीचे शिक्षक हसले. विनोद साधल्याच्या आनंदात सरांनी इसाकने पुढे केलेला कागद हातात घेतला नाही. इसाकने त्याची घडी केली, "बरं सर," म्हटलं आणि गेला.

फॉर्म गेले. त्यात त्याचा नव्हता.

फेब्रुवारीत पाठकोरे कागद हवे होते म्हणून सरांनी मुलांकडून परत आलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. एकाच्या छेदावर टिंब दिसलं. त्याखालच्यावरही. चांगलं ठसठशीत, मोहरीएवढं.

"कोंडाजी, हे काय?"

"टिंबच हे, सायेब. तिसाव्या कागदानंतर त्या फुलीपाशी स्टेन्सिलला भोक पडलं. मी म्हनलं, एवढ्याशा शाईनं काय व्हतं."

प्रश्नपत्रिकांवरचे हजेरी नंबर पाहून सरांनी उत्तरपत्रिका काढल्या. टिंबवाला कागद आठजणांना मिळाला होता. सातजणांनी आकृतीकडे न बघता 'लागेल' लिहून पूर्ण गुण मिळवले होते आणि आता ते मॅट्रिकच्या अभ्यासाला लागले होते. वाचणारा एकटाच नापास झाला होता.

हेडमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गोविलकर, मुदत उलटली. युनिव्हर्सिटीला मी काय लिहू? टिंब पडलं?"

रविवारी सर मोटारीने मालेगावला गेले. इसाक मागावर होता. सरांना पाहून घाईघाईने उठला आणि बसायला स्टूल पुसून दिलं.

"माझी चूक झाली, इसाक. टिंब होतं." सरांनी वाटेत तयार केलेलं भाषण एवढ्यातच संपलं. "पुढच्या वर्षी ये. तुझ्या वडिलांशी मी बोलतो."

"अब्बांनी हा माग माझ्या नावावर बसवलाय, सर. आता नाय म्हणवत नाही." त्याने मागाच्या धोट्यातला तुटका धागा काढला. "मी घरी आल्यावर लय वेळ विचार केला. वाटलं, मलाच दिसलं असेल. मग कागद फाडून टाकला."

हे सरांना अपेक्षित नव्हतं. मुलगा रागावला असेल, या तयारीने ते आले होते. त्याने स्वतःच्याच डोळ्यांना खोटं ठरवलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी खिशातून टिंबवाला एक कागद काढून त्याच्या हातात दिला. इसाकने छेदावरून बोट फिरवलं.

"आहे की," तो म्हणाला. नांदगावच्या नावावर वर्ग हसायचा तेव्हा तो जसा हसे, तसंच थोडं हसला. "मग दिवा नाहीच लागणार, सर."

"नाही," सर म्हणाले. चुलत्याने आतून हाक मारली आणि माग पुन्हा सुरू झाला.