नऊ चौकटींचा गज

भर दुपारी दोऱ्यांवर वाळत घातलेलं कापड हलून राहिलं की मला झोप येते. वसमतच्या पेठेतलं माझं दुकान म्हणजे एक खोली अन् मागं अंगण. आमचे हे होते तोवर आमी कापड विकायचो. ते गेल्यावर मी लाकडी ठशांनी कापडावर अक्षरं छापायला लागले. बाईमाणसाचं दुकान कोण चालू देतं, म्हणून पेठेत कुजबुज व्हायची. कुजबुजणाऱ्यांच्या तोंडाला मी कधी लागले न्हाई, पण ऐकू सगळं यायचं.

त्या दिवशी डोळा लागला होता. कुरुंद्याच्या बैलबाजाराचे दहा फलक मला दिसून राहिले होते, वेशीपासून पार ओढ्यापर्यंत, वाऱ्यानं फुगलेले. अक्षरं माझी, रंग माझा. एवढं मोठं काम माझ्या नावानं कधी आलंच नव्हतं.

"वहिनी, जाग्या हाव का?"

संतरामभाऊ उभे होते, बाजारसमितीचे प्रमुख माणिकराव यांचे मुनीम. आमच्या ह्यांचे जुने स्नेही. एका हातात मी पाठवलेला फलकांच्या भावाचा कागद, दुसऱ्या हातात विडा. आमच्याकडं रीत अशी, की विडा उचलला की भाव पक्का. मग मागं फिरता येत न्हाई.

"माणिकरावांनी सही केली," ते म्हणाले. मी हात पुढं केला, तर त्यांनी विडा मागं घेतला.

"आधी कागद वाचा."

मला राग आला. "काहून? मला वाचता येत न्हाई का?"

"मोठ्यानं वाचा."

वाचला. फलक दोन गज लांब, एक गज रुंद. क्षेत्र सहा चौरस फूट. भाव चौरस फुटाला तीन आणे, कापड धरून. एका फलकाचे अठरा आणे, दहांचे अकरा रुपये चार आणे.

"दोन गजाचे सहा फूट, बराबर तर हाय," मी म्हणाले.

"लांबीचे सहा. अन् रुंदीचं काय?"

मी खडू घेतला अन् फरशीवर गजाची काठी चारी बाजूंनी ठेवून चौकोन काढला. फुटाफुटावर रेघा ओढल्या. तीन उभ्या, तीन आडव्या चौकटी. मोजल्या, तर नऊ. एका चौरस गजात तीन न्हाई, नऊ चौरस फूट. जन्म गेला गजानं कापड फाडण्यात. रुंदी ठरलेली, तिच्याकडं कोण बघतं? जुन्या हातानं माझा घात केला होता.

फलक अठरा चौरस फुटांचा. त्याचे तीन रुपये सहा आणे. दहांचे तेहतीस रुपये बारा आणे. नुसतं कापडच साडेबारा रुपयांचं लागणार होतं. ते घरच्या फळीवरच पडलेलं, म्हणून मला टोचलं न्हाई. विडा उचलला असता तर दुकान गेलंच असतं.

"माणिकरावांना ठाऊक हाय?"

"न्हाई. त्यांना फक्त स्वस्त दिसलं. मी तुमाला सांगितलं हे कळलं, तर माझी नोकरी जाईल."

चूक आपणच जाऊन सांगायची ठरवून मी त्यांच्या बैलगाडीत बसले. कुरुंद्यापर्यंत हळदीची शेतं डुलत होती, बैलांच्या घंटा एका सुरात वाजत होत्या. वाटत होतं, ही वाट संपूच नये. पोचले की हसतील, म्हणतील, बाईला हिशोब येत न्हाई.

माणिकराव चावडीवर बसले होते. मी कागद ठेवला. "माझी चूक झाली. चौरस गजाचे नऊ फूट, मी तीनच धरले. खरी रक्कम तेहतीस रुपये बारा आणे."

ते हसले, तसंच. "सही झाली बाई. विडा गेला."

"विडा अजून मुनीमजींच्या हातातच हाय."

हसू थांबलं. त्यांनी संतरामभाऊंकडं पाहिलं. "हे हिला तू सांगितलंस?"

संतरामभाऊंचा चेहरा उतरला. मी मध्येच बोलले, "त्यांनी काय सांगायचं? ते विडा द्यायला आले, मी कागद पुन्हा वाचला. चूक माझी, सापडलीही मला. सही करणाऱ्यालाही ती दिसली न्हाई, म्हणून आले."

माणिकरावांनी बोटांवर बराच वेळ मोजलं.

"पंचवीसच रुपये जमलेत," ते अखेर म्हणाले. "सात फलक करा. तेवीस रुपये दहा आणे. आपली चूक आपण धरणारी माणसं आमाला पायजेत."

मला खाली बघावं लागलं. तो मान संतरामभाऊंचा होता, अन् मी तो त्यांच्यासमोर घेऊन राहिले होते. वर पाहिलं, तर त्यांनी मला डोळ्यानंच गप्प राहा म्हटलं. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्यानं त्यांची नोकरी राहिली अन् माझं दुकान. पण अजूनही मला कोणी हुशार म्हणालं, की मी दुसरीकडं बघते.