साठ मिलीचा ड्रम

आत्मारामकाकांनी फोटो पाठवला तेव्हा मृणाली तांदूळ निवडत होती. ती गावाची कृषी सखी, म्हणजे सरकारी योजनेतून शिकून आलेली शेतकऱ्यांची मदतनीस. पावस गावाच्या बाजूला कुणी नवं औषध आणलं की बाटलीचा फोटो पहिला तिच्या फोनवर येतो. फोटोखाली काकांनी लिहिलं होतं, ‘मराठीत कर. उद्या सकाळी फवारणी.’

तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं, कारण फवारायला जाणार होता तिचाच नवरा केरू. गेल्या वर्षी याच काकांच्या बागेतून तो दुपारी घरी आला तो ओकतच. दोन दिवस अंथरुणाला खिळला होता, आणि वर पुरुषी ऐट अशी की ‘ऊन लागला’ एवढंच म्हणायचा. मृणालीला मात्र पक्कं ठाऊक होतं, ऊन नव्हतं ते.

फोटोत पिवळा त्रिकोण दिसत होता. पिवळा म्हणजे जहाल विष, लाल तेवढा त्याच्या वरचा. आंब्यावरचे तुडतुडे मारण्याचं औषध, हेही कळत होतं. पण बाटली गोल, त्यामुळे प्रमाणाची ओळ नेमकी वळणावर गेलेली आणि उरलेल्यावर उजेड चमकलेला. फोनमधलं भाषांतराचं अॅप तिथे हातच टेकून बसलं.

तिने काकांना फोन लावला.

“काका, बाटली फिरवून अजून दोन फोटो काढा. सावलीत. प्रमाण वाचता येत नाय.”

“अगो, प्रमाण काय वाचायचं? ड्रमला एक फुलपात्र. वीस वर्षं घालतोय.”

“ते जुन्या औषधाचं. हे वेगळं हाय. वाचल्याशिवाय मी एक आकडा लिहायची नाय.”

काका चिडले. पण फोटो आले. दहा लिटर पाण्याला तीन मिली. तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं: दोनशे लिटरच्या ड्रमला साठ मिली, जास्त नाही. हातमोजे, चष्मा, नाकातोंडावर मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट. वारा पाठीकडून घ्यायचा. मध्ये विडी नको, खाणं नको. नंतर साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. उरलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात, अन्नापासून आणि पोरांपासून लांब. शेवटच्या ओळीखाली तिने दोनदा रेघ ओढली, कारण काका उरलेलं औषध कोकमाच्या रिकाम्या बाटलीत भरून पडवीत ठेवतात, हे साऱ्या वाडीला माहीत होतं. पानाचा फोटो तिने पाठवला. उत्तर आलं फक्त अंगठ्याचं. त्या अंगठ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

म्हणून सकाळी केरूबरोबर तीही बागेत हजर. ड्रम भरलेला, आणि काकांच्या हातात फुलपात्र. एवढं लिहून, एवढं सांगून! मृणालीचं डोकंच फिरलं, पण तिने आवाज खाली ठेवला.

“काका, एक कळशी पाणी द्या. नि तुमच्या घरातलं दुसरं फुलपात्र आणा, धुतलेलं.”

तिने पिशवीतून औषध मोजायचा नवा कप काढला, त्यावर साठची खूण. एक कप पाणी फुलपात्रात ओतलं. निम्मंही भरलं नाही. दुसरा ओतला. तिसरा ओतला, तेव्हा कुठे फुलपात्र भरलं.

काका वाकून बघत राहिले. हिशोबाला ते पक्के होते.

“तिप्पट,” ते हळूच म्हणाले. “मेल्या केरू, तिप्पट विष घालणार होतो मी.”

“आणि हा ते अंगावर घेणार होता,” मृणाली केरूकडे बोट करून म्हणाली.

केरू मास्क हातात धरून उभा होता. “ह्यो घातला तर गडी हसतील गो. सर्कशीतला दिसन मी.”

“हसू देत!” काकाच गरजले. “घाल म्हणतो ना! चष्मापण! नायतर पंपाला हात लावायचा नाय.”

काकांनी साठ मिली मोजलं, तेही हातमोजे घालून, डोळ्यांसमोर कप धरून. मग कुणी न सांगता बागेलगतच्या घराकडे गेले, पडवीतली कोकमाची बाटली काठीने दूर सारली नि विचारलं, “ह्या जुन्याचं काय कराचं?”

“ओतू नका, नि उघड्या हाताने धरू नका. कृषी अधिकाऱ्यांना विचारून सांगते. तोवर कुलपात.”

दुपारी केरू सहा ड्रम संपवून घरी आला. मागल्या दारी साबण लावून अंघोळ केली, कपडे वेगळ्या बादलीत टाकले. मग पाटावर बसला, तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली. मृणाली वाढायचीच थांबली, बघतच राहिली त्याच्याकडे.

“काय झाला?” तो म्हणाला. “उद्या आनंदीबाईंच्या बागेत हाय मी. त्यांना सांगितलं, आधी बाटलीचा फोटो माझ्या बायकोला पाठवा, मगच येतो.”

मृणालीला हसूही आलं आणि रडूही. तिने ताटात भाकरी वाढली, आणि एवढ्यात फोन वाजला. आनंदीबाईंचा फोटो आला होता. बाटली फिरवून, सावलीत, चार बाजूंनी.