खराऱ्याचा सीन

शी! पुन्हा तोच आवाज. चप्, चप्, मग एक हुंदका, मग पुन्हा चप्. एडिटरबाईने हेडफोन काढून टेबलावर आपटले.

फिल्म होती आठ मिनिटांची, अ‍ॅनिमेशनची. एक मुलगी, तिचा बाप आणि विकायला काढलेलं म्हातारं गाढव. अजून त्यातलं काहीच हलत नव्हतं. एडिटरबाईच्या नणंदेने काढलेली स्टोरीबोर्डची पॅनल्स तिने एकामागून एक टाइमलाइनवर लावली होती, आणि खाली स्क्रॅच ट्रॅक, म्हणजे पक्के नट येईपर्यंतचा कामचलाऊ आवाज. याला म्हणायचं अ‍ॅनिमॅटिक. फिल्म कुठे रेंगाळते, कुठे धावते, ते इथेच कळायला हवं. एकदा अ‍ॅनिमेटर कामाला लागले की मग केलेलं काम फेकताना सगळ्यांच्याच जिवावर येतं.

तर हा कामचलाऊ आवाज दिला होता खुद्द दिग्दर्शकाने. फोनवर, शेंगदाणे खात! बापाचं निरोपाचं भाषण त्याने असं काही लांबवलं होतं की गाढव विकायच्या आधीच मरावं. एक वाक्य, एक सुस्कारा, एक दाणा. आवाज लांबला की त्यावरची चित्रंही तेवढीच ताटकळत उभी राहायची. वहिनी-नणंदेने त्याचं नाव ठेवलं होतं रवंथ.

"मॅडम, फिल्म मिनिटभर जास्त होतेय," रवंथ खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. "तो खराऱ्याचा सीन काढा. मुलगी ब्रश फिरवते, गाढव उभं राहतं. घडतंय काय त्यात?"

त्याच्या श्वासाला खवट दाण्यांचा वास येत होता. तिने तोंड फिरवलं. खराऱ्याचा सीन नणंदेने जीव ओतून काढला होता. नवीन नोकरी, पहिलीच फिल्म, आणि तिच्याच कामावर नांगर? चोर सोडून संन्याशाला फाशी!

"सर, आधी भाषण कमी करून बघते. मग ठरवू."

"बघा. सगळ्यांसमोर लावू. चाललं तर राहील."

तिने दार लावलं आणि बापाचं भाषण स्वतःच्या आवाजात वाचलं. ना रडणं, ना सुस्कारा. 'पाणी कोमट लागतं त्याला. डाव्या कानामागे हात लावू नका.' बास. दीड मिनिटाचं भाषण अर्ध्या मिनिटात आलं. तिने पॅनल्सही त्या आवाजाच्या मापाने आखडली. फिल्म बरोब्बर आठ मिनिटांत बसली, खराऱ्याच्या सीनला हात न लावता.

दुपारी अ‍ॅनिमेटर जमले, दिवे मालवले. 'कानामागे हात लावू नका' आलं आणि खोली चिडीचूप झाली. रवंथचंसुद्धा तोंड थांबलं. आता बोल म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

मग आला खराऱ्याचा सीन. ब्रश पाठीवर. ब्रश पोटावर. ब्रश मानेवर. एक खुर्ची करकरली. कोणाच्या तरी फोनचा उजेड पडला. ब्रश पायावर. पुन्हा पाठीवर. कोणीतरी जांभई दिली, तोंडावर हात न ठेवता. गेंड्याची कातडी मेली, तिच्या मनात आलं, आणि तिने नणंदेकडे पाहिलं.

नणंद खाली मान घालून नखांचा रंग खरवडत होती.

दिवे लागले. "बघा, मी म्हटलं होतं ना?" रवंथ म्हणाला. त्याच्या ओठाला दाण्याचं साल चिकटलं होतं. त्याचंच बरोबर निघावं, याची तिला त्या सालापेक्षा जास्त किळस आली. बापाच्या रडण्यावर तिने कशी सटासट कात्री चालवली होती! आणि इथे? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसरं काय?

सगळे गेल्यावर तिने विचारलं, "अगं, तुला तुझाच सीन बघवेना?"

"वहिनी, मला कधीपासूनच कंटाळा येतोय. पण तू माझ्यासाठी एवढी भांडत होतीस. म्हटलं, तुला कसं सांगू?"

एडिटरबाईला स्वतःचीच शिसारी आली. ती पुन्हा टाइमलाइनपाशी बसली आणि पॅनल्स उडवू लागली. पोटावरचा ब्रश गेला, पायावरचा गेला. पाठ राहिली, मान राहिली. शेवटी ब्रश डाव्या कानापाशी येऊन थांबतो, ते पॅनल तिने जरा जास्त वेळ धरलं.

तिने तो सीन पहिल्यापासून लावला. या वेळी पडद्याकडे नाही, नणंदेच्या हातांकडे बघत बसली. ब्रश कानापाशी आला, आणि नखं खरवडणारं बोट थांबलं.

"पुन्हा लाव," नणंद म्हणाली.