टीप आणि शेरा

अपेक्षाने मेल पाठवायचं बटण दाबलं आणि निवांत पाण्याची बाटली तोंडाला लावली. घोट अर्धा टाकूनच ती स्क्रीनकडे झुकली.

कार्ला गावच्या शाळेत ती हंगामी क्लार्क. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे संस्थेचे अध्यक्ष हौशीरामभाऊ सोमवारी ठरवणार होते. त्याआधी एक झकास काम करून दाखवावं म्हणून तिने पालकसभेची पत्रं मेल मर्जने पाठवायची ठरवली. पत्र वर्डमध्ये एकदाच लिहायचं, त्याला एक्सेलची यादी जोडायची, आणि नावाच्या जागी नावाचा रकाना, प्रगतीच्या जागी ‘शेरा’ हा रकाना घालायचा. बाकी काम मशीन करतं. प्रत्येक पालकाला त्याच्याच नावाचा मेल.

पण यादीत ‘शेरा’च्या शेजारी ‘टीप’ नावाचाही एक रकाना होता. तो गुरुजी-बाईंचा आपापसातला मामला. कुणाचा बाप भांडकुदळ, कुणाच्या आईला फोन केला की तास जातो, असलं सगळं त्यात. शेरा घालायच्या जागी अपेक्षाने टीप घातली. प्रिव्ह्यू बघितला, तो फक्त पहिल्या मुलीचा. त्या गुणी पोरीच्या शेऱ्यातही ‘नियमित येते’ आणि टिपेतही ‘नियमित येते’. बाईसाहेब खूश, पुढची पत्रं बघितलीच नाहीत.

आता आउटलुकमध्ये गेलेला एक मेल उघडला, तर त्यात लिहिलेलं, ‘आपल्या पाल्याची प्रगती पुढीलप्रमाणे : वडील संध्याकाळनंतर शुद्धीत नसतात.’

तिने इंटरनेटची वायर उपटली. आउटबॉक्समध्ये थोडेच मेल अडकले, बाकीचे केव्हाच पसार. गेलेल्यांची यादी बघताना मात्र तिच्या लक्षात आलं की पत्ता तोच तोच दिसतोय. विकासचा. नाक्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा विकास. प्रवेशाच्या फॉर्मात ईमेलचा रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढं सरकत नाही, आणि निम्म्या गावाकडे ईमेल नाही. म्हणून विचारत न बसता त्याने सगळ्यांना आपलाच ठोकून दिला होता. शाळेचा मेल आला की तो प्रिंट काढून ठेवायचा, जाता-येता ज्याचा तो घेऊन जायचा.

म्हणजे पत्रं अजून एकाच ठिकाणी होती. आणि विकाससारखा टवाळ माणूस अख्ख्या मावळात नव्हता.

फोन लावला, तर तो उचलेना. मग तिने स्कूटी काढली.

दुकानात प्रिंटर खडखडत होता. बाकड्यावर चहाचा ग्लास घेऊन खुद्द हौशीरामभाऊ बसलेले, मांडीवर कागदांची चवड.

“या ताई,” विकास म्हणाला. “लय दिवसांनी शाळेनं वाचण्यासारखं काय तरी धाडलं.”

“विकास, ते चुकून गेलंय. दे सगळं इकडे.”

“चुकून? माझ्या पोराच्या कागदावर ‘बाप टवाळ, कुठलंही काम सांगू नये’ असं आलंय. ह्यात चूक काय हाय?”

भाऊ खळखळून हसले. “आन ह्यो आपल्या मारुतीचा कागद बघ. ‘सभेला येऊ नये म्हणून प्रार्थना करावी.’ खरंय बाबा.” त्यांनी पुढचा कागद उचलला.

टिपांचा रकाना अपेक्षाने स्वतःच टाइप केला होता. भाऊंच्या नातवापुढे काय आहे, हे तिला पाठ होतं. “भाऊ, तेवढा नका वाचू,” ती म्हणाली.

आता तर ते वाचणारच. चष्मा पुढे सरकवून ते वाचू लागले, “‘सत्यम. आजोबा अध्यक्ष. पोरगा कच्चा असला तरी सांगू नये.’”

प्रिंटर थांबला. विकासने उगाच माउस पुसायला घेतला.

“कच्चा म्हंजी?” भाऊंनी विचारलं.

खोटं बोलावं तर कागद त्यांच्या हातात. “वाचता येत नाही त्याला नीट, भाऊ. सहावीत आहे, पण दुसरीचं पुस्तकही अडखळत वाचतो.”

“आन मास्तर लोक माझ्याकडं दरसाली पेढं घेऊन येत्यात, पोरगं हुशार हाय म्हणून.”

“हो.”

“तुला ठाव व्हतं?”

“होतं, भाऊ.”

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चहा तसाच राहिला. ती बघत राहिली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“बाकीचं कागद फाड रं विकास. आन तू, पोरी, शाळंत जा. खरा शेरा घालून सगळ्यांना परत धाड. सत्यमचा मास्तरला इचारून लिही. ग्वाड नको.”

“आणि भाऊ... सोमवारचं?”

भाऊ उठले, चपला शोधू लागले. “आधी पेढंवाल्यांचं बघतो. तुजा नंबर त्यांच्या मागनं.”

ती परत संगणकापुढे बसली. ह्या वेळी प्रिव्ह्यूचा बाण दाबत दाबत ती एकेक पत्र बघत गेली. सत्यमच्या पत्रापाशी आली आणि मास्तरांना बोलवायला उठली.