पैसे देणाऱ्याचं नाव

२००९ साली मी पर्यटनाच्या एका वेबसाइटसाठी लिहायचे. संपादकांना आधी विषय कळवायचा, होकार आला की लिहायचं. साध्या लेखाचे पाचशे मिळत. जाहिरातदाराने पैसे दिलेल्या लेखाचे हजार, पण त्यावर ‘प्रायोजित लेख’ असं छापायचंच. ती ओळ काढा म्हणून प्रत्येक जाहिरातदार मागे लागायचा आणि माझं डोकं फिरायचं.

गंगापूर धरणाजवळ कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या कारभारीआप्पांना मी भांडायच्या तयारीनेच लेख दाखवला.

आप्पांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. “हे काय बरोबर नाय.”

“ओळ निघणार नाही, आप्पा.”

“काढ कोण म्हणतंय? पैसे कोणी दिले, ते कुठंय? देवळाला पंखा दिला, तर पात्यावर नाव हाय माझं.”