आत्ताच म्हणजे किती

आत्ताराम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर इतकी वर्षं ऊन पडलं होतं की आता ते फक्त उन्हालाच वाचता येई. गिऱ्हाइकाने काळा दोरा मागितला की हा म्हणायचा, "आत्ताच देतो," आणि गिऱ्हाईक निमूट स्टुलावर टेकायचं. एका गृहस्थाने साबण मागितला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या आणि साबण हातात पडला तेव्हा पांढऱ्या, असं बाजारात शपथेवर सांगतात. मधे कलप उतरला होता ही गोष्ट खरी, पण चांगल्या हकिकतीत कलप कशाला आणायचा?

दुकानात दोरे, बटणं, साबण, बिस्किटं आणि दुधाच्या पिशव्यांचा एक फ्रीज. फ्रीज इतका म्हातारा की रात्रंदिवस कण्हायचा आणि अधूनमधून पायाशी पाणी सोडायचा. काउंटरमागे थोरली बहीण, ताई. भावाला वळण लावायची आशा तिने कधीच सोडली होती, टोमणे मात्र सोडले नव्हते.

आणि दारात एक पिवळी पाटी. 'फरशी ओली आहे, सांभाळून चाला.' दार आपोआप बंद व्हायचं म्हणून ती बाराही महिने तिथे अडकवलेली. फरशी कोरडी ठणठणीत असली तरी पाटी आपली ओरडतेच आहे. ताई तिच्यावर छत्री टांगायची.

रोज चारच्या ठोक्याला शिंपीणबाई यायच्या. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं शिवणाचं दुकान. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कधी दोरा, कधी हूक, कधी नुसतंच "काय नवीन?" नवीन काहीच नसायचं. ते सांगायला आत्तारामला वीस मिनिटं लागायची. अशी सात वर्षं गेली. मनातलं सांगायचं होतं त्याला. सांगणारच होता. आत्ताच.

त्या दिवशी साडेतीनला ताई दातांच्या डॉक्टरकडे निघाली आणि दारातून ओरडली, "अरे, पाणी पार बटणांच्या कपाटापर्यंत आलंय! पूस आधी."

"आत्ताच पुसतो."

त्याने मॉप उचललासुद्धा. तेवढ्यात फ्रीजच्या काचेत स्वतःची कॉलर दिसली. चुरगळलेली. मॉप फ्रीजला टेकवून तो मागच्या खोलीत गेला आणि इस्त्री लावली. चारला एक मिनिट कमी असताना तो भांग पाडत होता. तेव्हा दुकानातून आवाज आला. आधी घसरल्याचा, मग धप्प, आणि मग पत्र्याचा डबा उघडून शेकडो टाचण्या फरशीवर सांडल्याचा.

शिंपीणबाई पाण्यात बसल्या होत्या, शेजारी त्यांचा टाचण्यांचा डबा पालथा. उजवा हात मनगटापाशी भलत्याच दिशेला वळला होता. त्या ओरडल्या नाहीत. त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "टाचण्या टोचतील हं तुम्हाला."

मनगट दोन जागी मोडलं होतं. धातूची पट्टी घालून जोडलं. चार दिवस हॉस्पिटल, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं कात्रीच्या कड्यांत जाईनात, आणि गेली तर मिटेनात. शिवण बंद पडलं. मग भरपाईचा दावा आला, तसा दुकानाच्या विमा कंपनीचा वकील दुकानात आला.

वकील सरळ माणूस होता. स्टुलावर बसून त्याने समजावलं, "हे बघा, दुकान उघडं ठेवलंत की आत येणाऱ्याची वाजवी काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य. त्यावर वाद नाही. पण कायदा तुम्हाला देव समजत नाही. बाटली या क्षणाला फुटली आणि पुढच्या क्षणाला कुणी घसरलं, तर तो हलगर्जीपणा नव्हे. पुसायला वेळ तर मिळायला हवा ना! पाणी किती वेळ होतं, तुम्हाला ठाऊक होतं का, नसलं तर ठाऊक असायला हवं होतं का, आणि तरी तुम्ही काय केलंत, सगळा दावा एवढ्यावर. हे सिद्ध करायचं त्या बाईंनी. तर पाणी कधी पाहिलंत?"

"आत्ताच," आत्ताराम म्हणाला. "म्हणजे, तेव्हा आत्ताच."

वकील परक्या भागातला. त्याने या दुकानात कधी दोरा मागितला नव्हता. त्याने जबाबात लिहिलं, 'घसरण्याच्या काही क्षण आधी.' आत्तारामने ते वाचलं आणि सही केली. सही अगदी वळणदार आली, याचीच त्याला पुढे जास्त लाज वाटली.

"आणि परस्पर चूक कबूल करू नका," जाता जाता वकील म्हणाला.

बाई हॉस्पिटलात होत्या ते चारही दिवस तो तिथल्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला होता. काय तोंड दाखवायचं? आता त्या न गेलेल्या दिवसांना वकिलाचा आधार मिळाला. ताईने डब्यात सूप भरून दिलं की म्हणायचा, "वकिलांनी सांगितलंय, भेटायचं नाही." शेवटी डबा ताईच घेऊन जायची. परत आली की भावाशी दिवसभर बोलायची नाही.

असं दीड वर्ष गेलं.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा फिरण्यापेक्षा विचारच जास्त करत होता. पहिल्यांदा शिंपीणबाई उभ्या राहिल्या. विम्याच्या वकिलाने विचारलं, "दारात पाटी होती ना? वाचली नाहीत?"

"सात वर्षं वाचतेय. रखरखीत उन्हाळ्यातही फरशी ओली आहे म्हणून सांगते. मी तिला दाराची पाचर समजते. आणि छत्रीची खुंटी."

मागच्या बाकावर ताई खोकली. न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

"चालताना खाली बघत होतात का?" आपलीच हयगय निघाली तर भरपाई तेवढी कमी होते. वकील तिकडेच चालला होता.

"नाही."

"मग कुठे?"

"काउंटरकडे."

"काउंटरवर असं काय होतं?"

"कुणीच नव्हतं. तेच बघत होते."

आत्ताराम समोरच बसला होता. ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. त्याच्यापर्यंत सगळंच उशिरा पोचायचं. पोचलं तेव्हा त्याला बसवेना. तेवढ्यात त्याचंच बोलावणं आलं.

शिंपीणबाईंची वकील तरुण होती आणि तिला पडसं झालं होतं. नाक पुसत तिने विचारलं, "जबाबात म्हणता, पाणी आत्ताच आलेलं. आत्ताच म्हणजे किती?"

बाजारातली दोन-चार मंडळी आली होती, ती फिसकन हसली. शिंपीणबाई हसल्या नाहीत. त्या डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून बसल्या होत्या, दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला घ्यावं तसा.

"अर्धा तास," आत्ताराम म्हणाला.

विम्याच्या वकिलाचं पेन थांबलं.

"इथे तर 'काही क्षण' लिहिलंय."

"ते माझे क्षण आहेत, मॅडम. मोठे असतात." या वेळी कुणी हसलं नाही. "ताईने साडेतीनला सांगितलं होतं. पाणी मी डोळ्यांनी पाहिलं. मॉप हातात घेतला होता."

"मग पुसलं का नाही?"

"कॉलरला इस्त्री करत होतो."

"अर्धा तास? एका कॉलरला?"

"दोन. पहिली करपली."

"दुकान उघडं टाकून, पाणी तसंच ठेवून, इतकी कसली घाई होती कॉलरची?"

आत्तारामने विम्याच्या वकिलाकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग जिकडे पाहायचं होतं तिकडे. "चार वाजता बाई येतात ना."

वकीलबाईंनी रुमाल नाकाशी नेला तो तिथेच राहिला. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत हळूच म्हणाल्या, "नोंद झाली आहे. पुढे चला." पण पुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुनावणी संपल्यावर शिंपीणबाई बाहेरच्या लाकडी बाकावर बसल्या होत्या. तो समोर जाऊन उभा राहिला.

"चुकलं माझं."

"ते आत सांगितलंत. ऐकलं मी."

"भेटायला यायचं होतं. पण वकिलांनी भेटू नका म्हणून..."

विम्याचा वकील फायली कवटाळून मागूनच चालला होता. तो थबकला. "मी? चूक कबूल करू नका म्हणालो होतो हो. बाईंना कसं काय विचारायला जाऊ नका, असं कशाला सांगेन?" आणि आपण नको तिथे बोललो हे ध्यानात येऊन तो जिन्याकडे सटकला.

आत्ताराम खाली मान घालून म्हणाला, "आलो असतो तर तोंडातून सगळंच निघालं असतं."

"तेच तर ऐकायचं होतं." शिंपीणबाईंचा आवाज चढला नाही. "सहा आठवडे दारावर टकटक झाली की मी डाव्या हाताने केस सारखे करायचे. कधी ताई असायच्या, कधी नर्स. एकदा पत्ता चुकलेला प्लंबर होता, त्यालाही चहा पाजला. पाण्याचा राग नाही हो मला. फरशी ओली होते. त्या अर्ध्या तासासाठी तर..." त्या थांबल्या. "आता कळलं तो कशात गेला ते. पण दीड वर्ष?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"शिवण गेलं. पुढच्या आठवड्यात बहिणीकडे राहायला चाललेय, तिच्या गावी. निकाल कळवतील वकीलबाई."

त्या उठल्या आणि कोटाची बटणं लावू लागल्या, डाव्या हाताने. पाच बटणं. त्यांनीच कधीतरी त्याच्याच दुकानातून नेलेली, तपकिरी, चार भोकांची. पहिलं दोनदा निसटलं. त्याचा हात पुढे झाला.

"राहू द्या. जमतं मला."

जमायला फार वेळ लागला. तो पाचही बटणं लागेपर्यंत तिथे उभा होता. सात वर्षं दुकानातून निघताना "येते हं" म्हणणारी बाई त्या दिवशी म्हणाली, "जाते."

निकाल महिन्याभराने लागला. दुकानदाराला पाणी ठाऊक होतं, पुसायला अर्धा तास आणि हाताशी मॉप होता. बाराही महिने उभी असलेली पाटी कुणालाच सावध करत नाही. आणि गिऱ्हाइकाने काउंटरकडे बघत चालावं यात त्याची हयगय ती काय? हाताची दुखापत त्या पडण्यानेच झाली हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. दावा पूर्ण मान्य झाला. भरपाई विमा कंपनीने दिली. आत्तारामला कुणी काहीच मागितलं नाही, आणि ते त्याला सोसलं नाही.

आता दुकानात नवा फ्रीज आहे, तो कण्हत नाही. दाराला लाकडी पाचर आहे. तरी साडेतीन वाजले की आत्ताराम कुणी न सांगता फरशी पुसतो. पिवळी पाटी काढतो, फरशी ओली असेपर्यंतच ठेवतो. मग गुडघ्यांवर बसून तळव्याने चाचपून बघतो, कोरडी झाली का. कधी कपाटाखालून एखादी टाचणी निघते. ती तो डब्यात ठेवतो. टाचण्या संपतच नाहीत. बाजारात म्हणतात, रात्री तोच टाकतो. तसं काही नाही. त्या होत्याच तितक्या.

"चहा गार होतोय रे," मागच्या खोलीतून ताई हाक मारते.

"आत्ता..." तो म्हणतो आणि पुढचं गिळतो. "तू घे, ताई. चार वाजलेत."

पाटी घडी करून आत ठेवतो, कॉलर सारखी करतो, आणि काउंटरमागे जाऊन उभा राहतो. दारातून कुणी बघितलंच, तर तिथे माणूस दिसावा म्हणून.