चक्रधरगारूंच्या दारातली रांग

हैमवतीच्या वार्षिक मूल्यमापनात बाकी सगळं ठीक होतं, फक्त शेवटी एक ओळ होती: 'काम चांगले, वेग कमी.' ती ओळ लिहिली होती तिचं काम तपासणाऱ्या चक्रधर रावांनी, आणि खरी गंमत तिथेच होती. ज्यानं दारात आडवं पडून राहायचं, त्यानंच वर विचारायचं, की बाई, तुला आत यायला इतका उशीर का झाला?

अशी ओळ तिला मागच्या वर्षीही लागली होती. लागोपाठ दुसऱ्या वर्षी लागली की माणसाला 'सुधारणा योजने'त घालतात, आणि त्या योजनेतून सुधारून बाहेर आलेला माणूस माधापूरच्या त्या सातव्या मजल्यावर अजून कुणी पाहिला नव्हता. नोकरीच जायची. ती ओळ दुरुस्त करून घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

तिथली मंडळी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवत. त्यातला रिपोर्ट तयार करणारा भाग म्हणजे चक्रधरगारूंची जहागीर; 'गारू' म्हणजे तेलुगूतलं 'साहेब'. त्या भागातल्या कोडची एक ओळ जरी कुणी बदलली, तरी चक्रधरगारूंनी तपासून मंजुरी दिल्याशिवाय सिस्टीम तो बदल आत घेत नसे. पूर्वी कधीतरी काहीतरी बिघडलं होतं म्हणून हा नियम झाला. काय बिघडलं होतं ते कुणाला आठवत नव्हतं, नियम मात्र ठणठणीत होता. त्यामुळे अकरा जणांचं तयार काम एका माणसाच्या दारात ताटकळत राही, आणि तो माणूस त्यावर खूश असे. देवळात रांग मोठी म्हणजे देव मोठा, असा त्यांचा हिशेब.

मध्यंतरी एका मोठ्या ग्राहकानं कटकट केली, की साधी दुरुस्ती यायला इतके दिवस का लागतात. तेव्हा मॅनेजर मूर्तीगारूंनी मोजमाप सुरू केलं. मूर्तीगारू स्वभावानं वाईट नव्हते. त्यांना कणा नव्हता एवढंच. त्यांनी ठरवलं, की काम तपासायला दिल्यापासून पहिलं उत्तर येईपर्यंत किती वेळ जातो तो मोजायचा. भिंतीवर मोठा पडदा लावला, त्यावर आकडा.

चक्रधरगारूंनी तो आकडा दोन आठवड्यांत झोपवला. काम आलं रे आलं, की ते उघडायचं आणि काहीतरी लिहून टाकायचं. 'नाव नीट नाही.' 'इथे एक जागा सोडा.' झालं, पहिलं उत्तर गेलं, घड्याळ थांबलं. हैमवती दहा मिनिटांत नाव बदलून परत पाठवी, आणि मग ते काम चार-चार दिवस तिथेच पडून राही, कारण दुसऱ्या उत्तराला घड्याळच नव्हतं. पडद्यावरचा आकडा मात्र दोन दिवसांवरून वीस मिनिटांवर आला. मूर्तीगारूंनी खुशीत सगळ्यांसाठी पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, मागवले.

"खा हैमा, खा," शेजारचा मुजीब म्हणाला. "आपलं काम किती झपाट्यानं होतंय बघ. मला तर कळलंच नाही."

"दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला," हैमवती म्हणाली. आल्याची चटणी चांगली होती, तेवढी तिनं खाल्ली.

मग तिनं स्वतः मोजायचं ठरवलं. त्यात हेरगिरी कसलीच नव्हती. काम तपासायला कधी दिलं, कुणी कधी उघडलं, काय लिहिलं, सुधारून परत कधी आलं, मंजूर कधी झालं, याची नोंद सिस्टीम ठेवतेच आणि ती सगळ्यांना दिसते. फक्त कुणी पाहत नाही. हैमवतीनं मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारला: या घटकेला हे कुणाच्या टेबलावर आहे? लिहिणाऱ्याच्या, की तपासणाऱ्याच्या? रात्री, शनिवार-रविवार, संक्रांतीची सुट्टी तिनं वजा केली, उगाच कुणी म्हणायला नको की झोपेचेही तास मोजले. आणि जी कामं अजून मंजूरच झाली नव्हती, तीही तिनं धरली. मूर्तीगारूंच्या मोजणीत उत्तर न आलेलं काम येतच नसे. म्हणजे जो अजून रांगेत उभा आहे, तो थांबलाच नाही.

हिशेब निघाला तो असा: तिच्या कामाच्या दर दहा तासांत दोन तिच्या टेबलावरचे, आठ चक्रधरगारूंच्या. इतरांचंही उन्नीस-बीस तसंच. आणि ते आठ तास म्हणजे तपासणीचे नव्हेत, नुसते पडून राहण्याचे. शिवाय काम पडून राहिलं की तोवर मूळ कोड बदलतं, मग तेच काम पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. तिच्या दोन तासांतला बराचसा वेळ त्यातच जाई.

सोमवारच्या बैठकीत तिनं ते पडद्यावर मांडलं. चक्रधरगारूंनी चष्मा वर केला, बघितलं आणि हसले.

"बघ अम्मा, मी काय इडलीचं दुकान टाकलंय? टोकन घेतलं की प्लेट पुढे? विचार करायला वेळ लागतो."

"विचार केलेला दिसत नाही ना, चक्रधरगारू. सुधारून दिलेलं चौथ्या दिवशी उघडता, पंधरा मिनिटांत मंजूर करता. मधले तीन दिवस ते बंदच असतं."

"ते डोक्यात चालू असतं."

"न उघडता?" मुजीबनं अगदी भोळेपणानं विचारलं.

मूर्तीगारू घाईघाईनं म्हणाले, की दोघांचंही बरोबर आहे. हा माणूस आग आणि पाणी भांडत असतील तरी दोघांचंही बरोबर आहे म्हणाला असता. हैमवतीला चक्रधरगारूंचा राग येई, पण किळस यायची ती मूर्तीगारूंची.

पुढचं घडलं ते भाचीच्या लग्नामुळे. चक्रधरगारू आठवडाभर राजमंड्रीला निघाले. जाताना म्हणाले, "माझी कामं माझ्यासाठी ठेवा." पण त्याच ग्राहकाला त्याच आठवड्यात दुरुस्त्या हव्या होत्या, आणि मूर्तीगारू चक्रधरगारूंना जेवढे घाबरत त्याहून ग्राहकाला जास्त घाबरत. हैमवतीनं तेवढं बरोबर हेरलं. तिच्या सांगण्यावरून आठवड्यापुरता नियम सैल झाला: कोणत्याही दोघांनी तपासून मंजूर केलं की काम आत. तिनं आणखी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. सकाळी आल्यावर आधी दुसऱ्याचं थांबलेलं काम तपासायचं, मगच स्वतःचं नवं उघडायचं. आणि एकेक काम छोटं ठेवायचं, वाचणाऱ्याला एका चहात संपेल एवढं.

मंगळवारी सगळे कुरकुरले. गुरुवारपर्यंत रांग संपली. संपली म्हणजे खरंच संपली. सकाळी दिलेलं काम दुपारी जेवायच्या आत मंजूर होऊ लागलं. जुनी पडलेली धरून एकतीस कामं आत गेली. ती लॅबमध्ये पोचायची होती पुढच्या गुरुवारी, कारण सगळे बदल एकदमच बाहेर पाठवायची तिथे पद्धत होती.

सोमवारी चक्रधरगारू पूतरेकुलूचा, तांदळाच्या कागदासारख्या पातळ मिठाईचा, डबा घेऊन परतले. डबा टेबलावर ठेवला आणि संगणक उघडला. त्यांच्या नावावर एकही काम थांबलेलं नव्हतं. कुणी टेबलाशी आलं नाही. कुणी 'गारू, जरा माझं बघता का' म्हणालं नाही. लोकांनी पूतरेकुलू घेतले, छान आहेत म्हणाले आणि गेले.

मग ते खवळले. दोन दिवस जागचे हलले नाहीत. मूर्तीगारू जेवायला बोलवायला गेले तर हातानंच नको म्हणाले. बुधवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना बैठकीला बसवलं आणि पडद्यावर कागद लावला.

"माझ्या मागे जे काही आत घुसवलंत, ते सगळं मी तपासलंय. एकतीसच्या एकतीस. ओळ न् ओळ."

कागद बराच लांब होता. अठ्ठावीस कामांपुढे नावांच्या आणि मोकळ्या जागांच्या तक्रारी. दोन कामांपुढे काहीच नाही. एकापुढे लाल खूण. ते काम हैमवतीचं होतं.

"हे बघा. रुग्णाची तपासणी त्याच दिवशी दुसऱ्यांदा केली, तर ही बाई रिपोर्टमध्ये पहिलाच आकडा छापते. एखाद्याची साखर दुसऱ्यांदा बरोबर आली, तरी हातात चुकीचाच कागद. हे दोघांनी तपासलं म्हणे. बैल गेला आणि झोपा केला, असं उद्या व्हायचं होतं."

हैमवतीनं कोड वाचलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. तिचे कान तापले. मंजुरी देणारा मुजीब टेबलाकडे बघत बसला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "दुपारपर्यंत दुरुस्त होईल, उद्या बाहेर जायच्या आत. हे आमच्यापैकी कुणाला दिसलं नसतं, चक्रधरगारू."

"म्हणूनच नियम असतो, अम्मा," ते मूर्तीगारूंकडे वळून म्हणाले. "आजपासून पहिल्यासारखं करा."

मूर्तीगारूंनी मान डोलवायला सुरुवातही केली होती.

"एक विचारू?" हैमवती म्हणाली. "हे सगळं तपासायला तुम्हाला किती वेळ लागला?"

"दीड दिवस." त्यांची छाती फुगली. "जेवलोसुद्धा नाही."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. चक्रधरगारूंना वाटलं, कौतुकानं बघताहेत. त्या खोलीत अकरा जण बसले होते, आणि हिशेब करणं हाच त्यांचा धंदा होता. दीड दिवसात एकतीस. मनावर घेतलं तर. चुका काढायच्या म्हटलं तर. मग आपलं एकेक काम चार-चार दिवस कुठल्या विचारात पडून होतं?

मुजीब हसला नाही, हीच त्याची सभ्यता. मूर्तीगारूंची मान डोलता डोलता मध्येच थांबली.

"तुम्हाला जमतं," हैमवती म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज साधाच निघाला. "मला वाटायचं, तुमच्यावर ओझं आहे, वेळ पुरत नाही. मी तुमची बाजू घ्यायचे मनात. तुम्हाला दिसतं, आमच्यापेक्षा जास्त दिसतं, आणि ते तुम्ही दाबून धरून आम्हाला दारात उभं करता. कारण दारात कुणी उभं असलं की तुम्हाला बरं वाटतं."

चक्रधरगारूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मूर्तीगारूंनी आयुष्यात पहिल्यांदा दोघांपैकी एकालाच बरोबर म्हटलं: दोघांच्या मंजुरीचा नियम राहील, चक्रधरगारूही त्या दोघांपैकी एक असू शकतात, आणि पडद्यावर यापुढे हैमवतीची मोजणी लागेल.

दुपारी तिनं चूक दुरुस्त केली, तशी तपासणी सिस्टीमलाही शिकवली, म्हणजे पुन्हा कुणी तेच केलं तर काम आपोआप अडेल. तपासायला म्हणून चक्रधरगारूंचंच नाव घातलं. अर्ध्या तासात मंजूर होऊन आलं. नावांबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग ती उठली आणि त्यांच्या टेबलाशी गेली. हातात मूल्यमापनाच्या दुरुस्तीचा अर्ज होता, सोबत तिच्या सहा महिन्यांचा हिशेब. 'वेग कमी' ही ओळ ज्यानं लिहिली, त्यालाच खोडता येत होती.

चक्रधरगारूंनी वरवर पाहिलं. "ठेवून जा अम्मा. उद्या-परवा बघतो."

हैमवतीनं शेजारची खुर्ची ओढली, त्यांच्या समोर ठेवली आणि बसली.

"बघा," ती म्हणाली. "मी बसलेय."

त्यांनी मूर्तीगारूंच्या केबिनकडे पाहिलं. मग मुजीबकडे. मुजीब त्यांच्याचकडे पाहत होता, आणि त्याच्या मागचे आणखी तिघेही. चक्रधरगारूंनी कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.